आंबा घाटातला तांबडा दिवा: एका जीपच्या ब्रेकचे प्रकरण

हे प्रकरण कोल्हापूर आणि रत्नागिरीच्या दरम्यान भाड्याने फिरणाऱ्या एका नऊ आसनी डिझेल जीपचे आहे. ती चालवणारे गृहस्थ साठी ओलांडलेले असून त्यांची सारी हयात घाटरस्त्यांवर गेली आहे. स्टँडवर त्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणून येथेही तेच नाव ठेवतो. गाडी दुरुस्तीसाठी उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजमध्ये आली, तेव्हा बिघाड घडून गेला होता आणि त्याचा माग उलट्या दिशेने काढावा लागला. मामांनी काहीही न लपवता जे सांगितले आणि ड्रम उघडल्यावर जे दिसले, ते जुळवून हा वृत्तान्त लिहिला आहे.

मामांच्या कानाबद्दल आधी सांगितले पाहिजे, कारण तो कान खरोखरच चांगला आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांनी हीच गाडी माझ्याकडे आणून पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग गेल्याचे सांगितले होते. चाक वर उचलून हलवले तेव्हा मला हाताला फारसे काही लागले नाही. मामांचे म्हणणे असे होते की, सरळ रस्त्यावर येणारी गुणगुण उजव्या वळणावर वाढते आणि डाव्या वळणावर मिटते. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, त्यामुळे हा तर्क बिनचूक होता. बेअरिंग काढले तेव्हा त्याच्या बाहेरच्या कड्यावर खवले सुटलेले निघाले. ते डॅशबोर्डवरच्या दिव्यांच्या आधीच्या काळात शिकलेले चालक आहेत. त्या काळातल्या गाड्यांचे काटे अडकलेले असत आणि दिव्यांचे बल्ब उडालेले असत, त्यामुळे इंजिनाची ठकठक, पट्ट्याची किंचाळी, गिअरची घरघर यांवरच काय ते ओळखावे लागे. "गाडी बोलल्याबिगर मरत न्हाई, मेस्त्री," असे ते म्हणत आणि बहुतेक वेळा ते खरे ठरे.

या जीपला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर मागच्या डाव्या चाकातून ब्रेक लावताना करकर येऊ लागली. मामांनी वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये ड्रम उघडून घेतला. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनर पार झिजलेले होते, म्हणून दोन्ही मागच्या चाकांना नवे लायनर बसवले गेले. करकर गेली आणि त्या जागी नव्या लायनरची बारीक किंचाळी आली, जी काही आठवडे टिकली. पुढे पावसाळा सरता सरता डाव्या चाकाची किंचाळी थांबली आणि उजव्याची मात्र सकाळी दव पडल्यावर थोडी राहिली. मामांनी याचा अर्थ असा लावला की डावे लायनर ड्रमवर नीट बसले आणि उजवे अजून बसायचे आहे. हा अर्थ अगदी स्वाभाविक होता. मीही फक्त तेवढेच ऐकले असते, तर वेगळे काही म्हणालो नसतो.

त्यानंतर दिवा लागला. वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला हा तांबडा दिवा पहिल्यांदा आंबा घाट उतरताना, साखरप्याच्या बाजूच्या एका वळणावर ब्रेक दाबल्याबरोबर लागला आणि वळण संपताच विझला. परतीच्या चढावर तो एकदाही लागला नाही. पुढच्या फेरीत तो उतारावर दोन-तीन वळणांना लागला, पण सपाटीला पुन्हा गायब झाला. मामांनी कान दिला. इंजिन नेहमीसारखे होते, चाकांतून काही आवाज नव्हता, उलट गाडी पूर्वीपेक्षा शांत होती. जो दिवा उताराला लागतो आणि चढाला विझतो तो वायर हलल्यामुळेच लागत असणार, असे त्यांनी ठरवले.

हा दिवा नेमका कशाने लागतो, हे समजल्याशिवाय पुढची हकिकत कळणार नाही. या गाडीत त्या एकाच दिव्याला दोन स्विच जोडलेले आहेत. एक हँडब्रेकच्या दांड्याखाली असतो आणि दांडा ओढला की जुळतो. दुसरा बोनेटखाली ब्रेक ऑइलच्या छोट्या प्लास्टिक टाकीत असतो. टाकीत चुंबक बसवलेला एक तरंगता तुकडा आहे. ऑइल खालच्या खुणेपर्यंत उतरले की तो तुकडाही खाली येतो आणि त्याच्या चुंबकाने टाकीच्या बुडातला स्विच जुळतो. दोहोंपैकी कोणताही स्विच जुळला तरी दिवा लागतो, आणि कोणता जुळला हे दिवा सांगत नाही. शिवाय या टाकीत तो तरंगता तुकडा मागच्या अंगाला आहे. ऑइल भरपूर असेल तर याने काही फरक पडत नाही. पण पातळी खुणेच्या जरा वर असेल, तर उतारावर आणि त्यातही ब्रेक दाबताना ऑइल पुढे धावते, मागे पातळी घटते आणि तुकडा क्षणभर खाली बसतो. चढावर ऑइल मागे येते, म्हणून दिवा लागत नाही. थोडक्यात, मामांना जे वायर हलण्याचे लक्षण वाटले, ते ऑइल कमी होऊ लागल्याचे अगदी सुरुवातीचे आणि नेमके लक्षण होते.

मामा स्वस्थ बसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. साखरप्यात चहाला थांबले असताना त्यांनी हँडब्रेकचे आवरण काढून त्याखालच्या स्विचची वायर उपसली आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ठेवली. त्यांच्या अनुभवात हा दिवा नेहमी त्याच स्विचमुळे छळत असे. दांडा जुना झाला की पूर्ण खाली बसत नाही आणि दिवा लुकलुकतो. वायर काढल्यावरही पुढच्या उतारावर दिवा लागलाच. मला या साऱ्या प्रकरणातला हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे मामांनी नकळत अचूक चाचणी केली होती. एक स्विच बाद केल्यावरही दिवा लागत असेल, तर दुसरा स्विच जुळतो आहे किंवा वायर कोठेतरी बॉडीला चिकटली आहे, एवढेच पर्याय उरतात. पैकी पहिला पर्याय तपासायला बोनेट उघडून टाकीकडे नजर टाकली की पुरते. मामांनी दुसरा धरला, कारण वायर शॉर्ट होणे त्यांनी शेकडो वेळा पाहिले होते. ब्रेक मात्र पायाखाली ठीक लागत होता आणि कोठूनही तक्रारीचा आवाज येत नव्हता.

टाकी अखेर पाहिली गेली ती गाडीच्या मालकाच्या मुलामुळे. गाडी धुताना त्याने बोनेट उघडले आणि ऑइल खालच्या खुणेला टेकलेले पाहून बाटलीतले नवे ऑइल वरच्या खुणेपर्यंत ओतले. दिवा बंद झाला. आठवडाभराने तो उतारावर पुन्हा लागू लागला. तेव्हा मुलाने पुन्हा ऑइल ओतले आणि याबद्दल कोणालाच काही वावगे वाटले नाही.

ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. इंजिन ऑइल थोडेफार जळते, रेडिएटरचे पाणी थोडेफार उडते, पण ब्रेक ऑइल कोठेही खर्च होत नाही. त्याची पातळी घटण्याची दोनच कारणे असतात. पहिले कारण म्हणजे पुढच्या डिस्कचे पॅड झिजणे. पॅड पातळ झाले की ते डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधला पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्या मागे रिकाम्या झालेल्या जागेत टाकीतले ऑइल जाऊन बसते. ही घट फार संथ असते, कित्येक महिन्यांत खुणेपर्यंत येते, आणि नवे पॅड घालताना पिस्टन मागे रेटले की ते ऑइल टाकीत परत येते. म्हणूनच जाणता मेस्त्री पॅड पाहिल्याशिवाय टाकी भरत नाही. दुसरे कारण गळती. आठवड्यात पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येत असेल, तर पॅडचा प्रश्नच उरत नाही. येथे ओतलेले ऑइल म्हणजे तपासाचा पुरावाच होता, पण तो ओतणाऱ्याच्या लक्षात आला नाही आणि मामांपर्यंत पोहोचलाही नाही.

ज्या दिवशी प्रकरण टोकाला गेले, त्या दिवशी गाडीत गणपतीपुळ्याला निघालेले एक कुटुंब होते, सगळी आसने भरलेली आणि टपावर सामान. मलकापूर सोडल्यावर दिवा सपाटीलाच लागला आणि या वेळी विझला नाही. शेजारी बसलेल्या पोक्त बाईंनी, "मामा, हा लाल दिवा कसला हो?" असे विचारलेही. "काय न्हाई ताई, वायर शॉर्ट झालीया, आवाज बघा गाडीचा कसा गुळगुळीत हाय," असे उत्तर मिळाले. आंबा गाव मागे पडल्यावर उतार सुरू झाला. पहिल्या काही वळणांना पेडल नेहमीपेक्षा खाली गेले, पण दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आले. मामांच्या पायाला दोनदा दाबायची सवय असल्याने त्यांना ते खटकले नाही. मग एका वळणावर पेडल जवळजवळ फळीपर्यंत गेले आणि दुसऱ्यांदा दाबूनही वर आले नाही. गाडी थांबण्याऐवजी फक्त मंदावली.

यानंतर मामांनी जे केले ते कोणत्याही नव्या चालकाने पाठ करावे असे आहे. त्यांनी इंजिन बंद केले नाही. इंजिन बंद झाले की ब्रेकच्या बूस्टरची निर्वात मदत लवकरच संपते आणि पेडल दगडासारखे होते. त्यांनी पेडल तळाशी दाबूनच ठेवले, गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर टाकला, हँडब्रेकचे बटण दाबून धरून दांडा थोडा थोडा ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात उतरवून मातीच्या उंचवट्याला टेकवून उभी केली. डाव्या बाजूचा पायरीदांडा वाकला. माणसांना खरचटलेही नाही.

गाडी थांबली याचे निम्मे श्रेय मामांचे आणि निम्मे ब्रेकच्या रचनेचे. पेडलखालच्या मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन पिस्टन असतात. या गाडीत त्यांतला एक पुढच्या चाकांना आणि दुसरा मागच्या चाकांना दाब पुरवतो. ऑइलची टाकीही आतून एका बुटक्या पडद्याने दुभागलेली असते. पातळी पडद्याच्या खाली गेली की दोन्ही कप्पे स्वतंत्र होतात आणि एका बाजूने सगळे ऑइल वाहून गेले, तरी दुसऱ्या कप्प्यातले शाबूत राहते. मागची बाजू रिकामी झाली, तेव्हा पेडल बरेच खाली गेले, पण पुढच्या डिस्क काम करीत राहिल्या. उतारावर भार पुढे येत असल्याने ब्रेकचे बहुतेक काम तशीही पुढची चाकेच करतात. मागची बाजू लंगडी झाल्याचे मामांना आधी जाणवले नाही, त्यामागेही हेच कारण होते.

टेम्पोमागे बांधून गाडी माझ्याकडे आली. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला, ड्रममागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला, ओलसर चिखलाची पट्टी होती आणि टायरच्या आतल्या बाजूवर बोटभर रुंदीचा ओघळ होता. तेथे ओल असली की ती कशाची हे प्रथम ठरवावे लागते, कारण मागच्या ॲक्सलचे सील गेले तरी ड्रममध्ये तेल उतरते. ॲक्सलचे तेल घट्ट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असते, बोटाला निसरडे लागते आणि पाण्याने धुतले जाते. येथे ते ब्रेक ऑइल होते. हा ओघळ आधी कोणाला दिसला कसा नाही, असे विचारल्यावर कळले की मामा रोज सकाळी चारही चाके नळीने धुतात, तीही आतून.

ड्रम काढल्यावर दोन्ही लायनर काळे, चकचकीत आणि तेलाने माखलेले निघाले. किंचाळी थांबली होती ती याच तेलाने. कोरडे लायनर ड्रमवर घासताना थरथरते आणि ती थरथर कानाला किंचाळीसारखी ऐकू येते. मध्ये ऑइल आले की घर्षण घटते आणि घर्षणाबरोबर आवाजही. (ओल थोडीच असेल तर लायनर कधी कधी उलट एकदम धरते आणि चाक घसटते, पण येथे ती पायरी कधीच मागे पडली असावी.) ज्या बाजूचा ब्रेक चांगला होता ती बाजू सकाळी ओरडत होती आणि ज्या बाजूचा गेला होता ती गप्प होती. मामांच्या कानाने दोन्ही गोष्टी बरोबर टिपल्या होत्या. चाकाच्या आवाजावरून ब्रेकची तब्येत ठरवता येते, हे त्यांचे गृहीतच येथे उलटे पडले होते.

ऑइल येत होते ते व्हील सिलिंडरमधून. लायनर दोन्हीकडे ढकलणारी ही अंगठ्याएवढी नळी असते. तिच्यात दोन छोटे पिस्टन आणि त्यांच्यामागे ऑइल अडवणारे दोन रबरी कप असतात. बाहेरची धूळ रोखणारी रबरी टोपी सोलली, तसे आत साचलेले गडद ऑइल बोटांवर सांडले. पिस्टन बाहेर काढून आतल्या भिंतीवर नख फिरवले, तर मधल्या भागात खडबडीत ठिपके लागले, म्हणजे गंजाचे खड्डे. एका कपाची कड त्यांवर घासून कातरली गेली होती.

खड्डे पडले ते जुन्या ऑइलमुळे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा हळूहळू शोषते. म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचे असते आणि या गाडीत ते कधी बदलले हे कोणालाच आठवत नव्हते. ओलाव्याचा एक परिणाम सर्वांना माहीत आहे: उकळबिंदू उतरतो. डॉट 3 दर्जाच्या नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ती किमान मर्यादा 140 अंशांवर येते. लांब घाटात डिस्क तापल्या की आत वाफ होऊन पेडल पोकळ होते ते यामुळे. दुसरा परिणाम संथ असतो आणि सहसा लक्षात येत नाही. तो म्हणजे सिलिंडर आतून गंजणे.

आता प्रश्न असा की गंज जुना असताना गळती नवे लायनर घातल्यानंतरच का सुरू झाली. लायनर झिजले तरी त्यांना ड्रमच्या जवळ ठेवणारा ड्रममधला ॲडजस्टर गंजून अडकलेला होता, त्यामुळे लायनर झिजत गेले तसे पिस्टन सिलिंडरच्या तोंडाकडे सरकत गेले. कप वर्षानुवर्षे बाहेरच्या टापूत फिरत राहिले आणि तेथली भिंत त्यांच्या घासण्याने साफ राहिली. मधला भाग मात्र स्थिर ऑइलखाली गंजत राहिला. नवे जाड लायनर बसवताना पिस्टन आत रेटले गेले आणि कप नेमके त्या गंजक्या टापूत जाऊन काम करू लागले. करकर ऐकून लायनर बदलायला लावण्याचा मामांचा निर्णय बरोबरच होता. चुकले ते गॅरेजचे काम. लायनर बदलताना धूळटोपी उचलून पाहायला अर्धे मिनिट लागते, ॲडजस्टर सोडवायला थोडे अधिक. ते झाले असते तर पुढचे टळले असते.

दुरुस्तीत मागचे दोन्ही सिलिंडर नवे बसवले, कारण एकीकडे गंज असला तर दुसरीकडे नसेल असे मानायला आधार नव्हता. उजवा उघडल्यावर त्यातही खड्डे निघाले, फक्त कप अजून कातरला नव्हता. लायनर चारही बदलले. येथे मालकाशी थोडा वाद झाला, कारण लायनर चार-पाच महिन्यांचेच होते आणि पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून पुन्हा बसवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. पण ऑइल लायनरच्या आत मुरते. वरून कोरडे दिसणारे लायनर घाटात तापले की ते ऑइल पुन्हा पृष्ठभागावर येते. एकाच बाजूचे बदलले, तर दोन्ही चाके सारखी धरत नाहीत. मालकाला हे पटले, पण बिल पाहिल्यावर थोडे कमी पटले.

मग सगळे जुने ऑइल काढून नवे भरले आणि लाइनमधली हवा काढली. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून केली, मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. पेडलवर मामाच बसले. त्यांनी दाबून धरायचे, मी चाकापाशी हवा सोडण्यासाठी असलेले निपल सैल करून ऑइल बाटलीत सोडायचे, निपल आवळल्यावर "सोडा" म्हणायचे आणि मगच त्यांनी पाय उचलायचा. पाय आधी उचलला गेला की हवा परत आत ओढली जाते. नळीतले बुडबुडे थांबेपर्यंत आणि ऑइलचा रंग उजळेपर्यंत हे चालू राहिले.

हँडब्रेकच्या स्विचची वायर जागेवर जोडली आणि नंतर मामांना बोनेटपाशी उभे करून दिव्याची परीक्षा करून दाखवली. चावी लावून हँडब्रेक सोडला, टाकीचे झाकण काढले आणि तरंगता तुकडा एका स्वच्छ काडीने खाली दाबला. आत बसलेल्या मुलाने दिवा लागल्याचे सांगितले. मामांनी स्वतः काडी घेऊन तो दोनदा दाबून पाहिला आणि उताराला तो का लागत होता, हे टाकीकडे पाहत स्वतःच मला समजावून सांगितले. "म्हंजे त्यो आधीपास्नं खरंच सांगत होता," असे म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो अधिक महत्त्वाचा होता: दिवा लागलाच नाही तर सगळे ठीक समजायचे का?

तसे नाही. हा दिवा फक्त टाकीतली पातळी पाहतो. ऑइल जुने होऊन त्यात ओलावा भरला असेल, लायनरवर ॲक्सलचे तेल उतरले असेल किंवा लाइनमध्ये हवा असेल, तर पातळी जागेवर राहते आणि दिवा बंदच राहतो. कोणी न सांगता टाकी भरत राहिले, तर गळती चालू असतानाही तो गप्प बसतो, जसा तो येथे आठवडाभर बसला होता. पहिल्या प्रकारासाठी तारीख लिहून ठेवून ऑइल बदलणे, दुसऱ्यासाठी ड्रम उघडणे आणि तिसऱ्यासाठी पेडल पहिल्या दाबाला कोठवर जाते याकडे लक्ष देणे, याला पर्याय नाही. मामांच्या दोनदा पेडल मारण्याच्या सवयीबद्दल मी याच वेळी बोललो, कारण दुसऱ्या दाबाला वर येणारे पेडल पहिल्या दाबातली तक्रार झाकून टाकते. जुन्या गाड्यांत ही सवय जीव वाचवणारी होती, हे त्यांचे उत्तरही खरे आहे.

टाकीवर पातळीच्या रेषेशी मार्करने खूण करून शेजारी तारीख लिहिली आणि मालकाच्या मुलाला बजावले की ऑइल ओतायचे असेल तर आधी मामांना किंवा मला सांगायचे. महिन्याने गाडी ग्रीसिंगला आली तेव्हा पातळी त्या खुणेपासून हललेली नव्हती आणि मागची दोन्ही चाके आतून कोरडी होती. सकाळच्या दवात मात्र आता दोन्ही नवी लायनर ओरडतात. मामा म्हणाले, ओरडू देत.